मुलाच्या टॅबची भाषा : जर्मनच ठेवायची की मराठी करायची?

स्नेहल, स्टुटगार्ट
मुलगा नऊ वर्षांचा, तिसरीत. टॅब अँड्रॉइडचा, इथेच घेतलेला, सगळं जर्मनमध्ये. आतापर्यंत दुपारी मी घरी असायचे, आता कामावर जायला लागले आणि सासू-सासरे उन्हाळाभर इथे आहेत. वेळेची मर्यादा लावली होती, पण तो केव्हाही बघावं तर व्हिडिओच बघत असतो. सासरे म्हणतात टॅब मराठी करा म्हणजे आम्ही बघू. नवरा म्हणतो शाळेची ॲप बिघडतील, हात लावू नका. तुम्ही काय कराल?

नितीन, पुणे
सरळ मराठी करा. दोन फायदे. आजी-आजोबांना सगळं वाचता येईल, आणि मुलगा जर्मन शाळेत जातो म्हणजे मराठी वाचन बेताचंच असणार, त्यामुळे त्याला सेटिंगमध्ये उलटसुलट करता येणार नाही. त्यातच ॲपला टायमर लावून टाका.

मेधा, म्युनिक
नितीन, भाषा बदलावी की नाही हे आपण बोलू, पण ती कुलूप म्हणून वापरू नका. नऊ वर्षांचं पोर अक्षरं वाचत बसत नाही. दातेरी चाकाचं चित्र, त्यात खाली सरकवून अमुक रंगाचा गोल, हे सगळं त्याच्या बोटांना पाठ असतं. भाषा कोणतीही केली तरी रांगांचा क्रम फारसा हलत नाही.

स्नेहल, तुमची अडचण मला वेगळीच वाटते. मर्यादा नेमकी कुठे लावलीत? Einstellungen मध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, "Digital Wellbeing und Jugendschutzeinstellungen" नावाचं एकच पान आहे आणि त्यावर दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत. एक App-Timer. तो मोठ्या माणसाने स्वतःला आवर घालण्यासाठी असतो. वेळ संपली की ॲपचं चित्र करडं होतं, पण टॅब ज्याच्या हातात तो टायमर काढून टाकू शकतो, पासवर्ड कोणी विचारत नाही. दुसरं त्याच पानावर खाली, पालकांचं नियंत्रण. ते फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपला जोडलेलं असतं आणि पालकाच्या खात्याशिवाय हलत नाही. जर्मन न वाचणारा माणूस पहिल्यावर समाधान मानून बाहेर येतो, कारण आकडा टाकला, घड्याळ दिसलं, झालं.

ओळखायचं कसं? टॅब मुलाच्या खात्यात उघडा आणि टायमर स्वतः काढून बघा. निमूट निघाला तर ते कुलूप नव्हतंच.

स्नेहल, स्टुटगार्ट
आत्ता बघितलं. टायमरच होता. निघाला.

मेधा, म्युनिक
मग आधी ते सोडवा. तुमच्या फोनवर फॅमिली लिंक घ्या, मुलाचं खातं तुमच्या देखरेखीखाली आणा आणि रोजची मर्यादा, झोपेची वेळ, ॲपची मर्यादा तिथून लावा. ते ॲप तुमच्या फोनची भाषा धरतं, टॅबची नाही. फोन इंग्रजीत असेल तर इंग्रजीत दिसेल. शाळेच्या ॲपला तिथेच कायमची परवानगी द्या, म्हणजे त्याचा वेळ रोजच्या मर्यादेत धरला जात नाही. एवढं झालं की टॅब जर्मनच राहू दे. माझं मत नवऱ्याच्या बाजूने. मूल ज्या भाषेत शिकतं त्याच भाषेत त्याला मशीनही वाचू द्या.

अरविंद, नाशिक (सध्या मुलीकडे, कोलोनला)
मेधाताई, तुम्ही आईच्या फोनवरून बोलता आहात. दुपारी दोन ते सहा घरात मी असतो. वेळ संपली की पडद्यावर जर्मनमध्ये काहीतरी चार ओळी येतात, खाली दोन बटणं. नातू म्हणतो, "आजोबा, यात लिहिलंय की तुम्ही हो म्हटलं तर चालेल." लिहिलंय काय ते मला कसं कळणार? ज्याला थांबवायचं त्याच्याकडूनच वाचून घ्यायचं हे मला पटत नाही. पोरगं खोटारडं नाही, पण नऊ वर्षांच्या मुलाला आपण या पेचात टाकूच नये. त्याला समजावून टॅब ठेवायला लावणं हे मला जमतं, पण समोरचा पडदा तरी मला वाचता यायला हवा. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, टॅब मराठीत हवा.

रूपाली, दुबई
आमच्याकडेही हेच! ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला टॅब, सगळं चिनीत. मी सरळ फॅक्टरी रीसेट मारला, तरी चिनीतच उघडला. गूगल प्लेसुद्धा नाही. त्यावर फॅमिली लिंक कशी चढवायची?

मेधा, म्युनिक
रूपाली, तुमचा प्रश्न निराळा आहे. ज्या टॅबवर गूगलच्या सेवाच नाहीत त्यावर फॅमिली लिंक चालत नाही. तिथे टॅबच्या कंपनीचं स्वतःचं मुलांसाठीचं काही आहे का ते शोधावं लागेल. आणि भाषेसाठी रीसेट करूच नका, त्याने फक्त मुलाची कामं पुसली जातात.

अरविंदकाका, तुमचा मुद्दा मी सोडून दिला होता, तो खरा आहे. त्यावर दोन गोष्टी. कुलूप लागलेल्या पडद्यावर पालकांसाठी एक कोड टाकायची सोय असते. तो कोड मुलीच्या फोनवरच्या फॅमिली लिंकमध्ये दिसतो, टॅब नेटवर नसला तरी चालतो आणि थोड्या वेळाने बदलतो. नातवाने एकदा पाठ केला तरी दुसऱ्या दिवशी उपयोगाचा नाही. म्हणजे "हो" म्हणणं तुमच्या बोटात नाही, मुलीला फोन लावावा लागेल.

दुसरं, मराठी की जर्मन असं एकच निवडायची गरज नाही. अँड्रॉइडमध्ये भाषांची यादी असते. System, मग Sprachen, तिथे भाषा जोडायची. यादीत प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत लिहिलेली असते, त्यामुळे खाली खाली गेलात की "मराठी" आपोआप नजरेत येते. ती उजवीकडच्या रेघा धरून पहिल्या क्रमांकावर ओढायची, जर्मन दुसऱ्यावर. सेटिंग मराठीत येतात, आणि ज्या ॲपला मराठी येतच नाही ते दुसऱ्या भाषेकडे, म्हणजे जर्मनकडे जातं. अँड्रॉइड 13 पासून तर बऱ्याच ॲपची भाषा स्वतंत्रपणेही ठरवता येते.

नितीन, पुणे
म्हणजे मराठी करा असंच झालं ना शेवटी.

मेधा, म्युनिक
आजोबांना वाचता यावं म्हणून करा. मुलगा अडावा म्हणून नको.

कौस्तुभ, बर्लिन
एक भोक राहिलं. टॅबवर दुसरा वापरकर्ता बनवता येत असेल तर सगळं व्यर्थ. आमच्याकडे पाहुण्यांसाठी म्हणून वेगळं प्रोफाइल होतं, मुलगी त्यात जाऊन बसायची. देखरेख मुलाच्या खात्यावर असते, पाहुण्यावर नाही. फॅमिली लिंकमध्ये टॅबच्या नावावर टॅप केलं की वापरकर्ते जोडणं-काढणं बंद करायची सोय आहे, आधीचं जास्तीचं प्रोफाइल पुसा आणि मग ती सोय वापरा. यूट्यूब किड्सच्या आतल्या टायमरवरही भरवसा ठेवू नका. पालकांचा भाग उघडायला तो गुणाकार विचारतो, आणि तिसरीतल्या पोराला पाढे येतात. तिथे स्वतःचा चार आकडी कोड ठेवा.

अरविंद, नाशिक
कोडसाठी मुलीला ऑफिसात फोन लावायचा, तर मग मी घरात कशाला? दहा मिनिटं वाढवायची की नाही हे ठरवायचा हक्क मला हवा.

स्नेहल, स्टुटगार्ट
सासरेही अगदी हेच म्हणतील. भाषा आज रात्री बदलते, प्रोफाइल पुसते, फॅमिली लिंकही लावते. दहा मिनिटांचं मात्र नवरा आणि सासरे दोघांना समोर बसवूनच ठरवावं लागेल.