इंटर्नशिप अर्ध्यात सोडताना लिहिलेलं पत्र: तुमचे अनुभव सांगा

मोगरा_पुणे
आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाचं ट्रेनिंग मी अर्ध्यात सोडलं. ऑफिस चांगलं होतं, माणसंही. पण सहा आठवड्यांत काय केलं, तर दुसऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगच्या प्रिंटा, हॅच भरणं, इन्स्टाग्रामसाठी फोटो, आणि एका शाळेच्या इमारतीचा दरवाजे-खिडक्यांचा तक्ता. साइटवर एकदाच गेले, तेही सर छत्री विसरले म्हणून.

पहिला मसुदा दोन पानी झाला होता. मैत्रीण म्हणाली, "हे पत्र आहे की पोलीस तक्रार?" मग विशेषणं काढली आणि तारखा ठेवल्या. पत्र इंग्रजीत होतं, सार असं:

"आदरणीय सर, 12 जूनपासून मी आपल्याकडे ट्रेनी आहे. कॉलेजच्या लॉगबुकात वर्किंग ड्रॉइंग, साइट भेटी आणि एस्टिमेट यांच्या नोंदी हव्या आहेत. आजपर्यंत साइटची एक नोंद झाली, बाकी दोन रकाने रिकामे आहेत. 3 जुलैला आपल्याशी याबद्दल बोलले होते. कामाचं स्वरूप बदलणं सध्या शक्य दिसत नाही, म्हणून 4 ऑगस्ट हा माझा शेवटचा दिवस धरावा ही विनंती. तोवर तक्ता पूर्ण करून फाइली सोपवते."

पत्र 21 जुलैला दिलं. 4 ऑगस्ट ही तारीख मात्र शिष्टाचार म्हणून निवडली नव्हती. आमच्या कॉलेजात ट्रेनिंग 16 आठवड्यांचं, दोन ऑफिसांत विभागलं तरी चालतं, पण आठ आठवड्यांच्या आतला तुकडा धरत नाहीत. कोऑर्डिनेटर मॅडमना आधी विचारलं म्हणून कळलं. त्याच दिवशी निघाले असते तर सहा आठवडे पाण्यात.

तुमच्यापैकी कोणी असं पत्र दिलंय? काय लिहिलंत?

बिनधास्त_बंड्या
कसलं पत्र अन् कसलं काय. स्टायपेंड म्हणजे पगार नव्हे, नोटिस पिरियडही नसतो. मी व्हॉट्सॲपवर "उद्यापासून येत नाही" टाकलं आणि मोकळा झालो.

मोगरा_पुणे
माझ्याही ऑफर लेटरमध्ये नोटिसचं कलम नव्हतं, तेवढं खरं. पण लॉगबुकवर सही त्यांचीच लागते ना! तुझ्या लॉगबुकवर कोणी केली?

बिनधास्त_बंड्या
…आमच्यात लॉगबुक नव्हतं.

सोलापूरकर_काका
वाईट वाटलं बाळा. पण काढून टाकताना त्यांनी कारण काय दिलं? लेखी घ्यायला हवं होतंस.

मोगरा_पुणे
काका, त्यांनी काढलं नाही हो, मीच सोडलं. :)

वहीखातं
सीएच्या आर्टिकलशिपला नुसतं पत्र देऊन भागत नाही. 2016 साली मी पहिल्या वर्षातच बाहेर पडलो, फॉर्म 109 भरून. त्या वेळी पहिलं वर्ष सरल्यावर "शिकायला मिळत नाही" हे कारण चालत नसे. आजारपण, वडिलांची बदली असलं काही लागायचं. माझं काम काय, तर व्हाउचरवर टिक मारणं आणि बँकेत चेक भरणं. प्रिन्सिपल सरांनी फॉर्मवर सही करायला महिना लावला, रोज "उद्या बघू". पत्रात मी काहीच खरं लिहिलं नाही, "घरगुती कारण" लिहिलं. अजूनही वाटतं, तेच बरं केलं.

जुना_टी_स्क्वेअर
मी बावीस वर्षं ऑफिस चालवतो, अशी पत्रं माझ्याही टेबलावर आली आहेत. तारखा असलेलं पत्र वाचून मालकाला निदान आठवतं की ही पोरगी 3 जुलैला बोलायला आली होती. नुसतं "शिकायला मिळालं नाही" वाचलं की राग येतो आणि सही लांबते. घरगुती कारण सोपं, पण मग पुढच्या ट्रेनीलाही प्रिंटाच काढाव्या लागतात. फाइली सोपवताना शेवटची फाइल कुठली आणि तिला जोडलेल्या एक्सरेफ कुठल्या फोल्डरात, हे कागदावर लिहून द्या; गेलेल्या ट्रेनीला त्यासाठीच फोन जातात. पोर्टफोलिओत काय वापरू द्याल, तेही त्याच पत्रात विचारून घ्यावं.

एक मात्र खटकलं. दरवाज्यांचा तक्ता हलकं काम नव्हे. तक्त्यात 1000 लिहिलं, तर तो भिंतीत सोडायचा गाळा, की चौकटीच्या आतलं माप? गवंडी एक धरतो, सुतार दुसरं, आणि चौकट बसवायच्या दिवशी भिंत फोडावी लागते. हे तुला कोणी विचारलं होतं का?

मोगरा_पुणे
नाही. जुना तक्ता दिला आणि "असाच कर" म्हणाले.

जुना_टी_स्क्वेअर
मग चूक त्यांची. पण तूही विचारलं नाहीस.

वहीखातं
सर, सहा आठवड्यांच्या ट्रेनीला काय विचारायचं हे तरी कुठून कळणार?

मोगरा_पुणे
अपडेट: सर्टिफिकेट मिळालं. तारखा बरोबर आहेत, कामाच्या रकान्यात "प्रेझेंटेशन ड्रॉइंग" एवढंच. आणि टी-स्क्वेअर सर, तक्त्याची जुनी प्रिंट घरी होती, ती काढून पाहिली. पहिल्या दोन पानांवर गाळ्याची मापं आहेत, तिसऱ्यावर चौकटीची. तिसरं पान मी केलेलं. ऑफिसला आत्ताच मेल केला.