होस्टेलच्या निवडणुकीतला घोळ

"जो जिंकला तो जिंकला, परत मतदान कशाला? पोरांना पटेल अशी एखादी गोष्ट सांगा."

सोलापुरात आमच्या होस्टेलला मेस सेक्रेटरीसाठी बार्शीचा आणि अक्कलकोटचा असे दोघं उभे होते, बार्शीवाल्याला ३१, अक्कलकोटवाल्याला २९, एक चिठ्ठी बाद. म्हणजे ६१ चिठ्ठ्या, पण रजिस्टरवर सह्या ५८च! परत मोजा म्हणून दंगा झाला, पण मोजून काय होणार, जादा ३ चिठ्ठ्या कुठल्या ते ओळखूच येत नाही ना. त्या तिन्ही बार्शीवाल्याच्या असतील तर त्याची २८च राहतात, मग निकालच उलटतो. फरक १० मतांचा असता तर निकाल तरी उलटला नसता, चौकशी तेव्हाही लागलीच असती म्हणा.

बार्शीवाला खरंच प्रामाणिक होता, पण त्याने भाकरीची वेळ बदलली की पोरं म्हणायची, तू कोण बे सांगणारा? शेवटी त्यानेच फेरमतदान मागितलं. नियम दोघांनी आधीच ठरवले, रिकामी पेटी सगळ्यांना दाखवायची, सही केल्यावरच रेक्टरच्या सहीची चिठ्ठी द्यायची, आणि नावं वाचायच्या आधी चिठ्ठ्या नि सह्या जुळवायच्या. ५८ला ५८ जुळल्या. बार्शीवाला ३०-२८ने आला, आणि दुसऱ्या दिवशी मेसच्या किल्ल्या अक्कलकोटवाल्यानेच त्याच्या हातात दिल्या.