डास चावला की मुलाचा हात टम्म सुजतो: तुमचे अनुभव सांगा

रेवाची_आई
लेक अडीच वर्षांची आहे. परवा संध्याकाळी सहाला खेळून आली तेव्हा डाव्या मनगटाच्या जरा वर एक लाल ठिपका होता. नेहमीचंच म्हणून मी फारसं लक्ष दिलं नाही. नऊला झोपवताना तिथे नाण्याएवढी गांध आली होती. सकाळी पाहिलं तर मनगटापासून बोटांपर्यंत हात फुगलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली, पेरांवरच्या खळ्यासुद्धा दिसेनात. हात लावला तर गरम. पोरगी मात्र मजेत, त्याच हाताने ठोकळे रचत होती आणि मधूनच खसाखसा खाजवत होती. हा या मोसमातला तिसरा प्रकार. आमच्याकडे मोठ्या कुणालाच असं होत नाही. ज्यांच्या मुलांना होतं त्यांनी काय केलं, किती दिवसांत उतरलं, ते लिहा.

सदाफुली
अगदी हेच! माझ्या मुलाला दीड वर्षाचा असताना पापणीवर चावला होता. सकाळी एक डोळा पूर्ण बंद. मी रडतच दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, पापणीची कातडी सैल असते, पाणी साठायला जागाच जागा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळा निम्मा उघडला, चौथ्या दिवशी नुसता गुलाबी डाग राहिला.

निनाद_७
हे इन्फेक्शन असतं, अंगावर काढू नका. आमच्या मुलीचा पाय असाच सुजला होता, अँटिबायोटिक सुरू केलं आणि तीन दिवसांत उतरलं. स्वतःचा अनुभव आहे.

कातरवेळ
बालरोग विभागात बरीच वर्षं काम करते, म्हणून निनाद यांना थोडं अडवते. तुमच्या मुलीला खरंच इन्फेक्शन असेलही, मी पाहिलेलं नाही. पण नुसत्या डासाच्या चाव्याची सूजही बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत उतरायला लागते, औषध द्या किंवा न द्या. त्यामुळे श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही.

लाल आणि गरम या दोन खुणांवर तर काहीच ठरवू नका, त्या दोन्हीकडे असतात. मी आधी घड्याळ विचारते. डासाच्या लाळेतल्या प्रथिनांवर शरीर चिडतं तेव्हा सूज काही तासांत येते आणि साधारण एक-दोन दिवसांत सगळ्यात मोठी होते. रेवाचं तसंच आहे: सहाला ठिपका, सकाळी फुगा. जंतू आत शिरून वाढायला सहसा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे चावा बरा होत आलेला असतो, खाजवून खपली निघते आणि दोन-तीन दिवसांनी तोच भाग पुन्हा लाल व्हायला लागतो.

दुसरा प्रश्न: खाजतंय की दुखतंय? ठोकळे रचणारा हात खाजणारा असतो. दुखणारा हात मूल जवळ धरून ठेवतं, शिवू देत नाही.

रेवाची_आई
हे वाचून जीव भांड्यात पडला. पण मग घरी नेमकं करायचं काय? काल बर्फ लावला तर तिने घर डोक्यावर घेतलं.

कातरवेळ
बर्फ थेट नकोच, त्याने कातडी भाजते. थंड पाण्यात पिळलेला रुमाल दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. झोपल्यावर ठेवला तर भांडण होत नाही. हात उशीवर उंच राहू द्या. झोपेत हात खाली लोंबकळला की सूज बोटांत उतरते, म्हणून सकाळी जास्त भयंकर दिसते.

चाव्यावर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलम, अगदी पातळ थर, दिवसातून दोनदा, थोडे दिवस. डोळ्याजवळ किंवा सोललेल्या कातडीवर नाही, आणि एवढ्या लहान मुलाला आधी डॉक्टरांना विचारून. खाजेने झोपत नसेल तर सेटिरिझिनचं सिरप देतात, पण मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या, मोठ्या भावंडाच्या बाटलीतून अंदाजाने नको. आणि त्याच्याकडून अपेक्षा खाज कमी होण्याची ठेवा. आलेली सूज ते रात्रीत उतरवत नाही. नखं मात्र आजच कापा. जंतू शिरतात ते बहुतेक नखांनीच.

शेवटचं, बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ काढा आणि शेजारी वेळ लिहा.

निनाद_७
आमच्या वेळी हे रेघेचं कुणी सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी लाली रेघेबाहेर गेली तर पळायचं ना दवाखान्यात?

कातरवेळ
पहिल्या दिवशी थोडी जाणारच, सूज वाढतीच असते. मूल खेळत असेल तर बघत राहा. दोन दिवसांनंतरही रेघ ओलांडत असेल, दुखायला लागलं, पू दिसला, लाल रेषा वर चढायला लागली किंवा मूल मलूल पडलं, तर त्याच दिवशी दाखवा. ताप आला तरी दाखवा. अशा मोठ्या सुजेसोबत कधीकधी थोडा ताप येतो खरा, पण ते घरी बसून ठरवायचं काम नाही. डोळ्याच्या बाबतीत बुबुळ हलवताना दुखत असेल किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटला तर थांबायचंच नाही. आणि अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, श्वासाला घरघर लागली, तर सरळ इमर्जन्सी. डासाने असं क्वचितच होतं.

अनामिक_बाबा
एवढी सूज म्हणजे डास डेंग्यूचा होता का? आमच्याकडे फवारणी कधी करावी?

सदाफुली
बाबा, धागा सुजेचा आहे! सूज लाळेमुळे येते, डासात रोग आहे की नाही ते सुजेच्या आकारावरून कळत नाही. पुढच्या काही दिवसांत वेगळा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. फवारणीसाठी वेगळा धागा काढा.

पिंपळपान
मी टूथपेस्ट लावायचो. दोन मिनिटं गार वाटतं, पोरगं गप्प होतं. एकदा रात्रभर तशीच राहिली आणि सकाळी सुजेभोवती पुरळ. नंतर खाजेसाठी अँटिहिस्टामिनवालं मलम आणलं, तर डॉक्टर म्हणाले, हे औषध पोटातून चालेल, कातडीवर नको, त्याचीच ॲलर्जी व्हायची. आता कॅलामाइन आणि गार फडकं, बस.

आजीबाई
माझ्या धाकट्याला सहा-सात वर्षांपर्यंत व्हायचं. दरवर्षी सूज थोडी लहान होत गेली. आता बाप्या झालाय, नुसतं खाजतं.

कातरवेळ
हो आजी, वारंवार चावे बसून शरीर हळूहळू सरावतं. मोठ्यांना होत नाही त्याचं एक कारण हेच.

तिन्हीसांजा
माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, अजून नाही सरावली. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी डासांच्या मोसमात रोज सेटिरिझिन द्यायला सांगितलंय. गांधी लहान येतात हे नक्की, पण सलग तीन महिने औषध द्यायला मन धजावत नाही. कुणी दिलंय का?

सदाफुली
आम्हालाही सुचवलं होतं, मी नाही दिलं. मच्छरदाणी, पूर्ण बाह्या आणि बाहेर जाताना उघड्या अंगावर रिपेलंट. तळहातांना मात्र लावत नाही, ते तोंडात जातात. चावे कमी झाले, पण जो बसतो तो तेवढाच सुजतो.

रेवाची_आई
आज तिसरा दिवस. काल सकाळी आठला काढलेल्या रेघेच्या आत लाली बोटभर सरकली आहे, करंगळी आणि अनामिकेच्या पेरांवर खळ्या परत दिसतायत. खाज आहेच. तिला ती रेघ इतकी आवडली की दुसऱ्या हातावरही काढून घेतली. तिन्हीसांजा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय, पुढच्या भेटीत विचारून इथे लिहिते.