मदत हवी आहे : गर्भपिशवीच्या तोंडाला टाका आत्ताच घालावा की सोनोग्राफी करत थांबावे?

खानापूरकर

नमस्कार. माझी पत्नी सत्तावीस वर्षांची असून तिला सध्या अकरावा आठवडा चालू आहे. गेल्या वर्षी पहिल्या खेपेला विसाव्या आठवड्यात आमचे बाळ गेले. त्या वेळी दोन दिवस तिला ओटीपोटात जडपणा वाटत होता आणि अंगावरून थोडे चिकट, गुलाबीसर पाणी जात होते. कळ मात्र एकही नव्हती, म्हणून घरच्यांनी उष्णता म्हणून सोडून दिले. तिसऱ्या दिवशी बेळगावला नेले, तेव्हा पिशवीचे तोंड चार सेंटिमीटर उघडले होते आणि पाणमोट बाहेर डोकावत होती. पाच-सहा तासांत सगळे संपले. त्याच्या आठच दिवस आधी झालेल्या सोनोग्राफीत बाळात काहीही दोष नव्हता आणि तोंडाची लांबीही ठीक लिहिली होती.

आता बेळगावच्या डॉक्टर म्हणतात की तेराव्या आठवड्यात टाका घालून टाकू. कोल्हापूरला दुसरे मत घेतले, तर तेथील डॉक्टर म्हणतात की एकाच वेळी झाले आहे, तेव्हा सोळाव्या आठवड्यापासून आतून सोनोग्राफी करत राहू आणि तोंड आखूड झाले तरच टाका घालू. दोघेही अनुभवी आहेत. आम्ही कोणाचे ऐकावे? आईचे म्हणणे आहे की टाका-बिका नको, नऊ महिने अंथरुणावर निजवून ठेवा.

गोकाकची_काकू

बाळा, टाक्यांना घाबरू नये. माझ्या सुनेचे सिझर झाले, तेव्हा आठ दिवस टाके ओले होऊ दिले नाहीत आणि पोटाला पट्टा बांधला. जड उचलू देऊ नका, टाके छान भरून येतात.

खानापूरकर

काकू, आपण आपुलकीने लिहिलेत, आभारी आहे. पण हा टाका पोटावरचा नाही. बाळ मुदतीआधी निसटू नये म्हणून गरोदरपणातच पिशवीच्या तोंडाला आतून घालतात, तो टाका आहे.

संकेश्वरचा_मास्तर

आपल्या आईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. माझ्या चुलतबहिणीला जुळी होती आणि तोंड आखूड झाले होते. तिला टाकाही घातला, वर पलंगाच्या पायथ्याशी विटा ठेवून दोन महिने झोपवले, आणि सर्व सुखरूप झाले. माझ्या मते तोंड आखूड दिसले की प्रत्येकीला टाका घालावा आणि झोपवून ठेवावे. जाता जाता सांगतो, हा टाका १९५५ साली जगापुढे मांडणारे डॉ. वि. ना. शिरोडकर गोव्यातील शिरोड्याचे आणि त्यांचे शालेय शिक्षण आपल्या शेजारच्या हुबळीत झालेले. तेव्हा हे काही परके तंत्र नव्हे.

चिक्कोडीची_निवृत्त_डॉक्टर

मी स्त्रीरोग विभागात बरीच वर्षे काम केले आहे. आपल्या पत्नीला मी तपासलेले नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

आपल्या दोन डॉक्टरांपैकी कोणीही चुकलेले नाही. अमेरिकेतील तज्ज्ञांची मार्गदर्शिका मधल्या महिन्यांत कळांशिवाय तोंड उघडून एक जरी गर्भ गेला असेल, तरी बारा ते चौदा आठवड्यांच्या सुमारास टाका घालणे योग्य मानते. ब्रिटनमधील मार्गदर्शिका असा आगाऊ टाका तीन किंवा अधिक वेळा नुकसान झालेल्या स्त्रीसाठी राखून ठेवते आणि त्याहून कमी वेळा झाले असेल, तर सोनोग्राफीने लक्ष ठेवायला सांगते. म्हणजे आपले बेळगाव एका वाटेने चालले आहे आणि कोल्हापूर दुसऱ्या.

या दोन वाटांपेक्षा महत्त्वाचे आहे ते गेल्या वेळी नेमके काय घडले, हे. या दुखण्याची खात्री देणारी एकही चाचणी नाही. निदान बहुतेक करून हकिगतीवरच होते. म्हणून मला विचारायचे आहे : बेळगावला पोहोचण्यापूर्वी ताप होता का? पाण्याला घाण वास होता का? आधी रक्त गेले आणि मग तोंड उघडले, असे काही झाले का? पाणमोट दिसली तेव्हा ती शाबूत होती की पाणी आधीच फुटले होते? आणि त्यापूर्वी कधी पिशवी साफ करण्याची वेळ आली होती का, किंवा तोंडाचा तुकडा काढून तपासला होता का? जंतुसंसर्गाने किंवा वार सुटून रक्तस्रावाने बाळ गेले असेल, तर टाका घालूनही ते कारण तसेच राहते.

आणखी एक. मागच्या अहवालात तोंडाची लांबी ठीक होती म्हणता, ती सोनोग्राफी पोटावरून आणि लघवी तुंबवून केली होती का? भरलेल्या मूत्राशयाचा दाब पडला की पिशवीचे तोंड आहे त्याहून लांब दिसते आणि उघडत चाललेले आतले तोंडही मिटलेले वाटते. म्हणून ही लांबी लघवी करून आल्यावर, आतून केलेल्या सोनोग्राफीतच मोजावी लागते.

मास्तरांशी मी अर्धीच सहमत आहे. शिरोडकरांचे त्यांनी बरोबर सांगितले. मात्र आज बहुतेक ठिकाणी १९५७ साली मॅकडोनाल्ड यांनी मांडलेली सोपी पद्धत वापरतात, कारण शिरोडकरांच्या पद्धतीत वरचे आवरण सोडवून टाका अधिक उंचावर घालावा लागतो. मॅकडोनाल्डच्या टाक्यात जाड दोरा किंवा फीत तोंडाभोवती चार-पाच ठिकाणी ओवून, चंचीची दोरी ओढावी तशी आवळतात आणि पुढे काढताना सापडावे म्हणून गाठीचे टोक लांब ठेवतात. जुळ्यांच्या बाबतीत मात्र केवळ तोंड आखूड दिसते म्हणून टाका घातल्याने फायदा झाल्याचे दिसलेले नाही. उलट त्यामुळे बाळंतपण आणखी लवकर झाल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. आपली बहीण सुखरूप सुटली याचा आनंद आहे, पण ती टाक्यामुळे सुटली असे म्हणता येत नाही. पूर्वी कधी नुकसान झालेले नसताना एकाच बाळाच्या वेळी तोंड आखूड दिसले, तर आधी योनीमार्गे ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळीचा विचार होतो. आणि विटा ठेवून झोपवल्याने बाळ टिकते, असे कोठेही सिद्ध झालेले नाही. महिनोन्महिने पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो. आईंना हे मायेने समजावून सांगावे.

खानापूरकर

डॉक्टरबाई, ताप नव्हता, वासही नव्हता. पाणमोट शाबूत होती, ती तेथे दाखल केल्यानंतर फुटली. आधी पिशवी कधी साफ केलेली नाही. आणि होय, मागची सोनोग्राफी पोटावरूनच होती. तिला चार तांबे पाणी पाजून बसवले होते, हे मला चांगले आठवते.

चिक्कोडीची_निवृत्त_डॉक्टर

मग ही हकिगत तोंड सैल असण्याशी बऱ्यापैकी जुळते. मी असते तर तेराव्या आठवड्याच्या टाक्याकडे झुकले असते. पण दर पंधरवड्याला न चुकता आतून सोनोग्राफी करून घेण्याची आपली तयारी असेल, तर थांबणेही रास्त आहे. थांबायचे आणि तपासणी चुकवायची, एवढे मात्र करू नका.

निपाणीची_लेक

माझे उलट झाले होते. मला एकविसाव्या आठवड्यात कळले, तेव्हा तोंड दोन सेंटिमीटर उघडले होते. संसर्ग नाही आणि कळा नाहीत हे पाहण्यासाठी एक दिवस थांबले, मग डोक्याची बाजू खाली करून, पाणमोट हळूच आत ढकलून टाका घातला. मी तेहतिसाव्या आठवड्यापर्यंत पोहोचले. मुलगी काचेच्या पेटीत होती, आता शाळेत जाते. पण माझ्या शेजारच्या खाटेवरील बाईंना असाच टाका घातला होता आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे पाणी गेले. तेव्हा तोंड उघडल्यानंतर धावपळ करण्यापेक्षा आधीचा टाका बरा, असे मला वाटते. अर्थात मी काही डॉक्टर नाही.

खानापूरकर (नऊ आठवड्यांनंतर)

सर्वांना कळवायचे राहून गेले. पत्नीला आगाऊ टाका नको होता, म्हणून आम्ही सोनोग्राफीचा मार्ग धरला. सोळाव्या आठवड्यात लांबी ३६ मिलिमीटर होती, अठराव्यात २९ झाली. तेव्हा डॉक्टरांनी पंधरवडा न थांबता आठवड्याने बोलावले. एकोणिसाव्या आठवड्यात लांबी २१ मिलिमीटर भरली आणि आतले तोंड नरसाळ्यासारखे उघडत असल्याचे पडद्यावर दाखवले. तिला काहीही त्रास जाणवत नव्हता, याचेच मला सर्वांत नवल वाटले. लघवीची आणि रक्ताची तपासणी करून, अंगावरून जाणाऱ्या स्रावाचा नमुना घेऊन, दुसऱ्या दिवशी कमरेत भूल देऊन टाका घातला. अर्ध्या तासात बाहेर आणले आणि एक रात्र ठेवून घरी सोडले. दोन दिवस थोडे रक्ताळ डाग होते, आता नाहीत.

आमचे गाव जांबोटीच्या बाजूला असून बेळगावला यायला तासाहून अधिक वेळ लागतो आणि पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नसतो. टाका कधी काढतात आणि त्याआधी काय झाले तर रात्रीच निघावे?

संकेश्वरचा_मास्तर

टाका असल्यावर कळा आल्या तरी तोंड उघडत नाही, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही असे मला वाटते.

चिक्कोडीची_निवृत्त_डॉक्टर

मास्तर, हे लिहिणे धोक्याचे आहे. टाका कळा थांबवत नाही. कळा जोरात आल्या आणि टाका तसाच राहिला, तर तो तोंडाचा भाग कापत बाहेर येतो किंवा पिशवी फाटण्याचीही भीती असते. म्हणून कळा नियमित येऊ लागल्या, पाणी गेले, रक्त गेले, ताप किंवा थंडी भरली, तर सकाळची वाट न पाहता निघावे आणि दारातच टाका आहे असे सांगावे. पाणी गेले असेल, तर संसर्गाच्या भीतीने टाका बहुधा काढावा लागतो.

सगळे सुरळीत असल्यास टाका छत्तीस ते सदतीस आठवड्यांदरम्यान काढतात. मॅकडोनाल्ड पद्धतीचा असेल, तर बहुधा भूल लागत नाही, थोडे दुखते आणि काही मिनिटांत होते. काढल्यावर त्याच संध्याकाळी बाळंतपण होईल असे धरून चालू नये. पुष्कळ स्त्रियांना त्यानंतर दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर ती घरात हिंडू-फिरू शकते. शेतातले ओझे मात्र नको, आणि शरीरसंबंधाबाबत तिच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, कारण त्यावर आमच्यातही एकमत नाही. आपले गाव पाहता चौतिसाव्या आठवड्यापासून बेळगावात नातेवाइकांकडे राहता आले तर बरे.

निपाणीची_लेक

माझ्या कागदांत टाक्याचा उल्लेख इतका बारीक होता की रात्रपाळीच्या सिस्टरना तो दिसलाच नाही. तुम्ही वेगळे लिहून घ्या. आणि डॉक्टरबाई, टाका घातल्यावर प्रोजेस्टेरॉनची गोळी चालू ठेवावी का? मला बंद करायला सांगितले होते, माझ्या जावेला चालू ठेवायला सांगितले.

चिक्कोडीची_निवृत्त_डॉक्टर

दोन्ही प्रकारे वागणारे डॉक्टर आहेत आणि दोन्ही मिळून एकट्या टाक्यापेक्षा अधिक उपयोग होतो का, हे अजून ठाम झालेले नाही. ज्यांनी टाका घातला, त्यांच्यावरच हे सोडावे.

खानापूरकर

आमच्या डॉक्टरांनी रात्रीची गोळी चालू ठेवली आहे. आज आशाताईंना घेऊन आरोग्य केंद्रात गेलो आणि गरोदरपणाच्या नोंदीच्या तायी कार्डाच्या पहिल्याच पानावर टाक्याची तारीख, पद्धत आणि ‘कळा आल्यास आधी टाका काढावा’ हे कन्नड आणि मराठी दोन्हींत लाल शाईने लिहून घेतले. पुढची तपासणी सोमवारी आहे.