मदत हवी आहे: 8 वॅटच्या बोर्डासाठी विनापंख्याचा हीटसिंक, फिन्समध्ये अंतर किती ठेवू?

काटोलरोड

नमस्कार मंडळी. नागपूरजवळ आमची संत्र्याची बाग आहे. तिथल्या पंपघरासाठी 12 व्होल्टचा सोलर चार्ज कंट्रोलर मी स्वतः बनवला आहे. 10 अँपिअर करंटला शॉटकी डायोडमध्ये साधारण 5 वॅट आणि मॉस्फेटमध्ये 3 वॅट उष्णता तयार होते. दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रक लावून बसवलेत.

हीटसिंक भंगारातून आणला, बहुधा एखाद्या सर्व्हरमधला असावा. 100 मिमी रुंद, 75 मिमी उंच, फिन्स 25 मिमी बाहेर आलेल्या. फिन 1 मिमी जाड आणि दोन फिन्समध्ये 2.5 मिमी फट. एकूण 29 फिन्स, म्हणजे पृष्ठभाग भरपूर. तरी घरात 32 अंशांना दोन तास चालवल्यावर सिंक 85 अंशांवर गेला. मे महिन्यात सावलीतच 46-47 अंश असतात, तेव्हा हा शंभरच्या वर जाणार हे उघड आहे. पंखा नको आहे, कारण तिथे धूळ फार आणि बंद पडला तर बघायला रोज कोणी जात नाही. एवढ्या फिन्स असून थंड का होत नाही? नवीन करून घ्यायचा तर फट आणि जाडी किती ठेवू?

मनीष_पीसी

पाच व्होल्टवर चालवलेला 80 मिमीचा पंखा लावून बघा, आवाजही येत नाही. माझ्या संगणकात असाच हीटसिंक आहे, 50 अंशांच्या वर कधी जात नाही.

काटोलरोड

मनीष, पंखा नकोच आहे, वर लिहिलं आहे. तुमचा सिंक पंख्यासाठीच बनवलेला असणार.

वर्कशॉप_हिंगणा

फिन्स फार पातळ आहेत हो. 1 मिमीमधून टोकापर्यंत उष्णता पोचतच नाही, मुळाशी तापतं आणि टोक थंड राहतं. 3 मिमी जाड घ्या. बेसही जाड घ्या, निदान 5 मिमी.

देशकर_काका

बेसचं हिंगणेकर बरोबर सांगताहेत. दोन लहान ठिकाणांहून आत येणारी उष्णता पूर्ण रुंदीभर पसरायला बेस जाडच लागतो. फिनच्या जाडीचं मात्र पटत नाही. अ‍ॅल्युमिनियम इतकं चांगलं वाहक आहे आणि संथ हवा इतकी कमी उष्णता उचलते, की 25 मिमी लांबीच्या 1 मिमी फिनच्या मुळात आणि टोकात जेमतेम अर्धा-पाऊण अंशाचा फरक पडतो. पटत नसेल तर थर्मोकपल आधी मुळाशी आणि मग टोकाला लावून बघा. जाडी वाढवली की त्याच रुंदीत फिन्स कमी बसतात, म्हणजे तोटाच.

काटोलरोड, तुमचं खरं दुखणं फट आहे. उभ्या फिनवर गरम हवेचा एक थर चढत जातो आणि वर जाताना जाड होतो. फट अरुंद असली की समोरासमोरच्या दोन फिन्सचे थर खालीच एकमेकांना भिडतात. मग मधली हवा फिनइतकीच गरम होते आणि घर्षणामुळे रखडत वर सरकते. तुमच्या मापांवर हिशेब केला. फिन हवेपेक्षा 30 अंश गरम धरली, तर 2.5 मिमी फटीत एक चौरस मीटर पृष्ठभाग अंशामागे अर्धा वॅटही देत नाही. तीच फट 7 मिमी केली की 5 वॅटच्या वर देतो. समोरून फिन्स उघड्या असल्याने थोडी हवा तिथूनही आत शिरते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक इतका टोकाचा दिसणार नाही, पण दिसेल नक्की.

वापरलेलं सूत्र असं:

```
s = 2.714 * L / Ra^(1/4)
```

`L` म्हणजे फिनची उभी उंची आणि `Ra` म्हणजे रेले अंक, गरम हवा वर चढण्याच्या जोराचं माप. 75 मिमी, 48 अंशांची हवा आणि 78 अंशांची फिन धरली तर `Ra` सुमारे 6.8 लाख येतो आणि `s` म्हणजे फट 7.1 मिमी. उंची दुप्पट केली तर फट फक्त 19 टक्क्यांनी वाढवावी लागते.

पैसे घालण्याआधी एक करा. सिंकखाली उदबत्ती धरा आणि धूर फिन्समधून वर येतो की बाजूने निघून जातो ते बघा. मग एकाआड एक फिन पकडीने वाकवून तोडून टाका. फट आपोआप 6 मिमी होईल.

विजुभाऊ_भंडारा

काका म्हणते ते खरं हाय. आमच्या ग्रामपंचायतीचे एलईडी दिवे दर उन्हाळ्यात जाऊन रायले होते. पाहिलं तर फिन्स आडव्या लावेल होत्या, हवेले वर जायले वाटच नाही. मी क्लॅम्प फिरवून उभ्या केल्या, मंग टिकले. तुमच्या डब्ब्यात फिन्स उभ्याच हायेत ना?

काटोलरोड

विजुभाऊ, उभ्याच आहेत.

काका, काल रात्री केलं. आधी उदबत्तीचा धूर खालच्या कडेला अडून दोन्ही बाजूंनी फाकायचा, आत जवळपास काही शिरत नव्हतं. 14 फिन्स तोडल्या, मुळाशी दीड-दोन मिमीचे खुंट राहिलेत. आता धूर सरळ फटीतून वर जातो. खोली 33 अंश, तेच 10 अँपिअर, दोन तासांनी सिंक 64. आधी हवेपेक्षा 53 अंश जास्त असायचा, आता 31. निम्मा पृष्ठभाग काढून टाकल्यावर तो थंड झाला, हे मला अजून नवलाचं वाटतंय.

देशकर_काका

उत्तम. आता नवीन करताना 12 फिन्स, जाडी 1.5 मिमी, फट 7 मिमी, बेस 5 मिमी. 1.5 ही जाडी उष्णतेसाठी सांगत नाही, ती हाताळताना वाकू नये म्हणून. अ‍ॅनोडाइझ केलात तर सावलीत तो हवेपेक्षा 22-25 अंशच वर राहावा, कारण कोऱ्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियममधून प्रारणाने फारच कमी उष्णता बाहेर पडते. हा सिंक डब्याच्या बाहेर हवा. बंद डब्यात कोंडलात तर त्याला 48 अंशांची हवा मिळणारच नाही, डब्यातलीच तापलेली हवा मिळेल. डायोडचं आतलं तापमान सिंकपेक्षा 15 अंश जास्त धरा.

वर्कशॉप_हिंगणा

मुळाशी आणि टोकाशी आज मोजून पाहिलं, आमच्याकडच्या सिंकवर फरक एका अंशाच्या आत आला. काका, मान्य. पण अ‍ॅनोडाइझ काळंच करायचं ना? ते जास्त उष्णता टाकतं असं ऐकलंय.

देशकर_काका

रंग डोळ्याला दिसतो, 70 अंशांच्या धातूतून निघणारं प्रारण दिसत नाही. त्या प्रारणासाठी काळं अ‍ॅनोडाइझ, साधं अ‍ॅनोडाइझ आणि पांढरा ऑइलपेंट जवळपास सारखेच. फरक पडतो तो उन्हात. काळ्या सिंकच्या 100 × 75 च्या तोंडावर थेट ऊन आलं तर पाच-साडेपाच वॅट बाहेरून आत येतात, म्हणजे तुमच्या 8 वॅटवर आणखी दोनतृतीयांश. पंपघराची कुठली भिंत आहे?

काटोलरोड

पश्चिमेची. उत्तरेच्या भिंतीला पंपाचा स्टार्टर आहे, तिथे जागा नाही. पत्र्याचा छज्जा काढला तर चालेल का? तो तापून खालची हवाच गरम करेल अशी भीती वाटते.

देशकर_काका

छज्जा आणि सिंकच्या वरच्या कडेत वीतभर जागा सोडा, नाहीतर फिन्समधून वर आलेली हवा तिथेच कोंडेल. पण तिन्हीसांजेचं ऊन तिरकं खालून येतं, ते छज्ज्याने अडणार नाही. पांढरा रंग द्या, पण पातळ हात मारा. तेवढ्याने भागेल की समोर जाळी लावावी लागेल हे मला इथे बसून सांगता येणार नाही.

विजुभाऊ_भंडारा

जाळी लावसान तर कोळी जाळं करते, दर महिन्याले झाडा लागते.

काटोलरोड

मग आधी जाळीशिवाय पांढऱ्या रंगाचा करून बघतो. मेमध्ये संध्याकाळी पाचचा आकडा इथे टाकेन. डायोडच्या जागी दुसरा मॉस्फेट घालून ते 5 वॅटच कमी करता येतात का, हेही कोणी केलं असेल तर सांगा.