शब्दचर्चा : ‘एकास दहा’ विरलन म्हणजे सलाइन नऊ भाग की दहा?

सायली : पुण्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांकडून जीवाणूंच्या वाढीचा आलेख करून घेते. त्यांच्यासाठी मराठीत टिपण लिहायला घेतलंय. जुन्या टिपणात एक ओळ आहे : ‘कल्चरचं एकास दहा विरलन करत जावे.’ ती वाचून एका बाकावरच्या मुलांनी प्रत्येक नळीत ९ मिली सलाइन घेतलं आणि दुसऱ्या बाकावरच्यांनी १० मिली. दोघांनीही त्यात १ मिली कल्चर घातलं, ढवळलं, त्यातलं १ मिली पुढच्या नळीत, असं करत गेले. फ्लास्क एकच, ई. कोलायचा. १८० मिनिटांच्या नमुन्यात पाचव्या नळीतून ०.१ मिली प्लेटवर पसरलं, तर पहिल्या बाकाला १६३ वसाहती मिळाल्या आणि दुसऱ्याला १०१. दोघांचाही गुणाकार दहा-दहाच्याच हिशोबाने. मराठीत ‘एकास दहा’चा खरा अर्थ कोणता? आणि टिपणात काय लिहू?

वि. गो. : मी स्थापत्य अभियंता, आता निवृत्त. बांधकामावर ‘एकास सहा’ म्हटलं की एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू, म्हणजे एकूण सात. गवंड्याला वेगळं सांगावं लागत नाही. ‘एकास’ म्हणजे ‘एकाच्या जोडीला’. तेव्हा दुसऱ्या बाकावरची मुलं मराठी बरोबरच वाचत होती. एक नि दहा, मिळून अकरा.

दत्ता (शिरूर) : आमच्याकडे फवारणीला एकास दहा ताक म्हणजे एक लिटर ताकात दहा लिटर पाणी. नऊ घेतलं काय, दहा घेतलं काय, पिकाला फरक पडत नाही. पण मला वेगळाच प्रश्न पडला. एवढ्या नळ्या कशाला? एकदाच भरपूर पाणी घालून लाखपट पातळ करून टाकायचं.

सायली : दत्ताभाऊ, १ मिली कल्चर एकदम लाखपट पातळ करायचं तर १०० लिटर निर्जंतुक सलाइन लागेल. पाच नळ्यांत तेच काम ४५ मिलीत होतं. शिवाय कोणत्या नळीतून मोजता येण्याजोगी प्लेट मिळेल हे आधी माहीत नसतं, म्हणून लागोपाठच्या दोन-तीन नळ्यांमधून प्लेट करतो.

हर्षल : मला वाटतं आपण उगाच शब्दात अडकतोय. प्रयोगाचा शेवट दुप्पट वेळ काढण्यात आहे. ती दोन संख्यांच्या गुणोत्तरावरून निघते. विरलन दहापट असो की अकरापट, वर-खाली दोन्हीकडे तीच चूक, म्हणजे ती कटून जाते.

नीरजाताई : हर्षल, तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. चूक कटते, पण दोन्ही नमुन्यांत नळ्यांची संख्या सारखी असेल तरच. वाढीच्या आलेखात ती सारखी राहत नाही. सुरुवातीला पेशी कमी असतात, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या नळीतून प्लेट करतो, तीन तासांनी पाचव्या-सहाव्या. दर नळीगणिक चूक वाढते. सायली, ६० मिनिटांच्या नमुन्यात दोन्ही बाकांना किती वसाहती मिळाल्या होत्या आणि कितव्या नळीतून?

सायली : चौथ्या नळीतून. पहिल्या बाकाला ४६, दुसऱ्याला ३१.

नीरजाताई : मग करूनच बघू. चौथी नळी म्हणजे दहा हजारपट, आणि पसरलं ०.१ मिली, म्हणून आणखी दहाने गुणायचं. पहिला बाक : ४६ वरून दर मिलीला ४६ लाख. १८० मिनिटांना पाचव्या नळीतल्या १६३ वरून १६ कोटी ३० लाख. दोन तासांत ३५.४ पट. पाच वेळा दुप्पट झालं की ३२ पट होतं, म्हणजे पाचहून थोडं जास्त, हिशोबाने ५.१५ दुपटी. १२० मिनिटांना ५.१५ ने भागलं की २३.३ मिनिटं.

दुसऱ्या बाकाने दहा-दहाने गुणलं, त्यामुळे त्यांचे आकडे ३१ लाख आणि १० कोटी १० लाख. ३२.६ पट, ५.०३ दुपटी, २३.९ मिनिटं. ६० आणि १८० मिनिटांच्या नमुन्यांत फरक फक्त एका नळीचा, म्हणून दुपटीच्या काळात जेमतेम अर्ध्या मिनिटाची तफावत. हर्षलचा मुद्दा इथपर्यंत टिकतो. पण दर मिलीतल्या पेशींची संख्या पाहा : १६.३ कोटींच्या जागी १०.१ कोटी. पाच नळ्यांत चूक १.१ गुणिले १.१ असं पाच वेळा, म्हणजे १.६१ पट झाली. नमुना दुधाचा किंवा पाण्याचा असता आणि संख्येवरूनच निर्णय घ्यायचा असता, तर हे चालणारच नाही.

आता दुसऱ्या बाकाचे आकडे अकरा-अकराने गुणून पाहा. ३१ गुणिले १४,६४१ गुणिले १० म्हणजे साधारण ४५ लाख ४० हजार. १०१ गुणिले १,६१,०५१ गुणिले १० म्हणजे १६ कोटी २७ लाख. पहिल्या बाकाशी जुळतं. मुलांच्या हातात काही खोट नव्हती. नळीत १० मिली आहे हे वहीत नोंदवलेलं असेल, तर त्यांची एकही प्लेट वाया जात नाही.

हर्षल : हे मान्य. पण मग अशी चूक प्लेटवरच दिसायला हवी ना? पाचव्या नळीतून २०० आल्या तर सहावीतून २० यायला हव्यात. तेवढ्या नाही आल्या की कळेल.

नीरजाताई : दिसत नाही, हीच तर अडचण आहे. अकरापट पातळ केलं तर २० ऐवजी १८ येतील. आणि २० वसाहतींच्या प्लेटवर निव्वळ योगायोगाने चार-पाचचा चढउतार होतोच, संख्येच्या वर्गमुळाइतका. १८ आणि २० यांत भेद करता येणार नाही. याच कारणाने तीसपेक्षा कमी वसाहतींच्या प्लेटवर फार विसंबत नाही. तीनशेच्या वर गेल्या की त्या एकमेकींत मिसळतात आणि मोजणी कमी भरते. दोन्ही मर्यादा संकेताच्या आहेत, काही ठिकाणी २५ ते २५० धरतात.

चूक पकडायची तर नळ्यांकडे बघा. ९ मिलीत १ आलं, १ पुढे गेलं, म्हणजे शेवटची सोडून प्रत्येक नळीत ९ उरायला हवं. १० उरलेलं असेल तर विरलन अकरापट झालं. आणखी एक, ९ मिली भरून मग ऑटोक्लेव्ह केलं तर थोडं पाणी उडून जातं आणि चूक उलट बाजूला होते. सलाइन आधी निर्जंतुक करून ज्योतीजवळ नळ्यांत भरलेलं बरं.

मुक्ता : मी विज्ञानाची नाही, मुद्रितशोधनाचं काम करते. वि. गो. काकांचं पटलं, ‘एकास नऊ’ हाच मराठीला धरून प्रयोग. ‘दहापट’ म्हटलं तरी चालेल, पण ‘दहापट पाणी घाला’ असं लिहिलं की पुन्हा दहा मिली. ‘दहापट विरल करा’ यात गोंधळ कमी. त्याहून मला हर्षलचा ‘दुप्पट वेळ’ खटकला. ‘दुप्पट वेळ लागला’ म्हणजे नेहमीपेक्षा दोनपट वेळ लागला. तुम्हाला म्हणायचंय दुप्पट व्हायला लागणारा वेळ. ‘दुपटीचा काळ’ म्हणा.

हर्षल : पुस्तकी शब्द ‘द्विगुणन काळ’ आहे. परीक्षेत तोच लिहिलेला सुरक्षित.

मुक्ता : उत्तरपत्रिकेत तो लिहू देत. टिपण समजण्यासाठी असतं.

सायली : याच ओघात आणखी एक. लॅग फेजला जुन्या टिपणात ‘सुप्तावस्था’ लिहिलंय. मला तो शब्द बरा वाटत होता.

नीरजाताई : मला तो बदलावासा वाटतो. या काळात पेशी झोपलेल्या नसतात. ताज्या ब्रॉथमध्ये आल्यावर त्या लागणारी एन्झाइम्स आणि रायबोसोम तयार करतात, आकाराने वाढतात, फक्त विभाजन सुरू झालेलं नसतं. ‘सुप्त’ म्हटलं की मुलं बीजाणूंचा विचार करू लागतात. ‘पूर्वतयारीची अवस्था’ म्हणा, किंवा नुसतं ‘विलंब अवस्था’.

आणि ही अवस्था कुठे संपते हे कळणं हिशोबालाही महत्त्वाचं आहे. शून्य मिनिटाला किती होत्या?

सायली : पहिल्या बाकाच्या तिसऱ्या नळीतून १९८, म्हणजे १९ लाख ८० हजार. ३० मिनिटांना २१२, जवळपास तेवढ्याच.

नीरजाताई : मग कोणी शून्य ते १८० मिनिटं अशी सरळ रेघ ओढली तर वाढ ८२ पट, दुपटी ६.३६, आणि उत्तर २८ मिनिटं. खऱ्या २३ मध्ये जवळजवळ पाच मिनिटांची भर. नऊ-दहाच्या गोंधळाने उत्तर अर्धं मिनिट हललं होतं. वाढ मंदावल्यानंतरचे बिंदू घेतले तरी काळ असाच लांबतो.

म्हणून मुलांना सूत्र आधी देऊ नका. अप्पा बळवंत चौकातून सेमीलॉग कागद आणा, बिंदू मांडा, आणि सरळ रेषेत बसणारे सलग चार-पाच बिंदू निवडायला सांगा. साध्या आलेख-कागदावर ही रेघ वक्र होते, निवडच करता येत नाही. निवड झाली की मग :

`T = t × log 2 ÷ log (N₂ / N₁)`

इथे `t` म्हणजे निवडलेल्या दोन बिंदूंमधला वेळ, प्रयोगाचा एकूण वेळ नव्हे.

दत्ता (शिरूर) : ताई, २३ मिनिटं पक्की समजायची का? ४६ वसाहतींत पण चढउतार असणारच की.

नीरजाताई : अगदी बरोबर विचारलंत. ४६ ला सुमारे सातचा चढउतार, म्हणजे पंधरा टक्के. त्याने दुपटीचा काळ जवळपास मिनिटभर मागेपुढे होतो. फक्त दोन टोकं न घेता मधले ९०, १२०, १५० मिनिटांचे बिंदूही रेषेत घेतले तर तो कमी होतो. तरीही मी ‘सुमारे २३’ एवढंच लिहीन.

वि. गो. : एक शंका. ‘वसाहती’ मोजल्या आणि ‘पेशी’ लिहिल्या, हे चालतं का? वसाहत एकाच पेशीपासून झाली कशावरून?

नीरजाताई : कशावरूनच नाही. म्हणून इंग्रजीत सीएफयू, म्हणजे ‘कॉलनी फॉर्मिंग युनिट’, लिहितात. ई. कोलाय बहुतेक सुट्या असतात, पण स्टॅफिलोकॉकस घोसाने राहतो, आणि अख्ख्या घोसाची एकच वसाहत उगवते. वर मी ‘पेशींची संख्या’ म्हटलं तिथेही खरं तर सीएफयूच हवं होतं.

मुक्ता : त्याला मराठी शब्द? ‘वसाहतकारक घटक’ फार जड वाटतो.

हर्षल : पोवळ्यांच्या वसाहतीला जीवशास्त्राच्या लेखनात ‘निवह’ म्हणतात. ‘निवह-एकक’ कसं वाटेल?

सायली : निवह मुलांना कळणार नाही. सध्या ‘सीएफयू’च ठेवते. विरलनाची ओळ अशी लिहिली आहे : ‘प्रत्येक नळीत ९ मिली निर्जंतुक सलाइन. आधीच्या नळीतलं १ मिली घाला, नीट ढवळा, दर वेळी नवी टिप. विरलन दहापट.’ ‘एकास’ काढूनच टाकलं.

वि. गो. : काढलंत ते ठीक, पण ‘एकास नऊ’ कंसात तरी ठेवा. नळीवर चिठ्ठी लावताना तेवढंच मावेल.