मदत हवी आहे: शेवटच्या प्रकरणात 'आम्ही' की 'आपण'?

ज्युली ओत्सुकाच्या 'द बुद्धा इन द अ‍ॅटिक'मधला थोडा भाग मराठीत करून बघतेय. फोटोवरून लग्न ठरलेल्या जपानी बायका बोटीने अमेरिकेत येतात, उतरल्यावर कळतं नवऱ्यांचे फोटो वीस वर्षं जुने, आणि हे सगळं त्या एका 'आम्ही'तच सांगतात, त्यामुळे फसगत कुणा एकीची राहतच नाही. इथवर ठीक. पण 1942 मध्ये, युद्धात, अमेरिकेतल्या जपान्यांना छावण्यांत नेतात आणि शेवटच्या प्रकरणात तोच 'आम्ही' मागे उरलेल्या गोऱ्या शेजाऱ्यांचा होतो! इंग्रजीत शब्द तोच, म्हणून तर अंगावर येतं. मराठीत तिथे 'आपण' केलं तर वाचकही त्या शेजाऱ्यांत ओढला जाईल, पण मग तोच शब्द हिसकावल्याचा धक्का जातो ना? काय करू, कुणी असं काही केलंय का?